मदत हवी आहे: गेममध्ये संगीत ऐकू येतं, पण पात्रांचे संवाद गायब

सायली_क
डेस्कटॉप आहे, विंडोज १०. आधी तो सांगलीला घरी दादाच्या ५.१ स्पीकरना जोडलेला होता. आता मी तो पुण्याला खोलीवर आणलाय आणि मागच्या हिरव्या जॅकमध्ये साधा हेडफोन लावलाय. कथानकाचा एक गेम खेळतेय. त्यात पाऊस, तलवारी, संगीत सगळं स्वच्छ येतं, पण समोर उभं असलेलं पात्र बोललं की फक्त ओठ हलतात. गुहेत शिरल्यावर तेवढा त्याच्या बोलण्याचा घुमारा लांबून येतो. यूट्यूब अगदी व्यवस्थित चालतं. गेमच्या फाइल्स तपासून झाल्या, भाषाही बदलून पाहिली. दोन दिवस फक्त सबटायटल वाचतेय.

रानवारा
साउंड ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. माझा आवाज त्यानेच परत आला होता.

सायली_क
टाकला. काही फरक नाही.

मिलिंद७२
माझंही असंच होतं. ब्लूटूथ हेडफोनवर मित्रांशी बोलायला लागलो की गेमचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. काय करावं?

तारयंत्र
मिलिंदराव, तुमचं दुखणं वेगळं आहे. हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं आणि आवाजाचा दर्जा पडतो. माइक वेगळा लावा आणि गेमच्या व्हॉइस चॅटमध्ये तोच निवडा.

सायली, तुमच्या वर्णनातच उत्तर दिसतंय. विंडोजला अजून वाटतंय की दादाचे स्पीकर जोडलेले आहेत. त्यामुळे गेम सहा चॅनेल पाठवतो. संवाद बहुतेक वेळा मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलवर असतात आणि तो चॅनेल केशरी जॅकमधून बाहेर पडतो. तिथे तर आता काहीच लावलेलं नाही. संगीत पुढच्या डाव्या-उजव्या चॅनेलवर असतं, म्हणून ते हिरव्या जॅकमधून मिळतं. घुमारा सगळ्या चॅनेलवर पसरलेला असतो, म्हणून तोही थोडा ऐकू येतो. यूट्यूबवर बहुतेक सगळं स्टिरिओच असतं, त्यामुळे तिथे काही हरवत नाही.

आधी खात्री करून घ्या. Win+R दाबून हे टाका:

```
mmsys.cpl
```

Playback मध्ये हेडफोनचं डिव्हाइस निवडून Configure दाबा. चित्रातल्या एकेका स्पीकरवर क्लिक करा आणि कुठला वाजतो ते सांगा.

सायली_क
5.1 Surround निवडलेलं होतं! फक्त पुढचे दोन वाजले. मधला आणि मागचे गप्प.

तारयंत्र
मग Stereo निवडा आणि गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. बरेच गेम सुरू होतानाच चॅनेल किती आहेत ते पाहतात, त्यामुळे चालू गेममध्ये फरक दिसेलच असं नाही.

सायली_क
आला आवाज! पहिल्याच प्रसंगात म्हातारीचं बोलणं इतकं जवळून आलं की मी चक्क मागे वळून पाहिलं. तुमचे खूप आभार, दादा.

रानवारा
म्हणजे हेडफोनला नेहमी स्टिरिओच ठेवायचं. हे लिहून ठेवतो.

तारयंत्र
साध्या हेडफोनला हो. पण ७.१ लिहिलेल्या यूएसबी हेडसेटचं गणित उलटं असू शकतं. त्याचं सॉफ्टवेअर विंडोजकडून आठ चॅनेल घेतं आणि त्यांचे दोन करून कानात सोडतं. तिथे तुम्ही विंडोजमध्ये स्टिरिओ केलंत तर त्याला मागचे चॅनेल मिळतच नाहीत.

सायली_क
असाच एक हेडसेट मैत्रिणीकडून आणलाय. लावल्यावर गेमचा आवाज जुन्याच हेडफोनमधून येत होता. गेमच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस बदलल्यावर ते जमलं. पण काउंटर-स्ट्राइक २ मध्ये पावलं पुढून येतात की मागून, ते कळत नाही. सगळं बादलीत बोलल्यासारखं वाटतं.

तारयंत्र
तो गेम हेडफोनसाठी दिशांचं गणित स्वतःच करतो. त्यावर हेडसेटचं ७.१ चढलं की आधीच कानासाठी तयार झालेल्या आवाजावर दुसऱ्यांदा तीच प्रक्रिया होते आणि पुढचं-मागचं एकमेकांत मिसळतं. या गेमपुरतं हेडसेटचं ७.१ बंद करा. Spatial sound मध्ये Windows Sonic चालू असेल तर तिथेही Off करा आणि इथे मात्र स्टिरिओ ठेवा. तुमच्या कथानकाच्या गेममध्ये हेडफोनचा पर्याय नसेल, तर तिथे हेडसेटचं ७.१ वापरून बघा.

सायली_क
दोन्ही बंद केले. बादली गेली, डावं-उजवं धारदार झालं. मागची पावलं मात्र अजून कधी कधी पुढून वाटतात.

तारयंत्र
हे गणित एका ठरावीक कानाच्या आकारावर बेतलेलं असतं आणि प्रत्येकाचा कान वेगळा. मला त्याच गेममध्ये मागचं नीट कळतं, माझ्या भावाला नाही. आठवडाभर हाच सेटअप ठेवून खेळा, मध्ये काही बदलू नका. मग इथे सांगा.

मिलिंद७२
वेगळा माइक लावला. आवाज सुधारला, पण आता मित्रांना माझा पंखा ऐकू येतोय.