पहिली पाळी यायच्या आधी दिवस राहतात का? लवकर सांगा

बालाघाटची_लेक: ज्या पोरीला अजून पाळीच आली नाही तिला दिवस जाऊ शकतात का? हो की नाही एवढंच सांगा. आमच्या घरात सगळे म्हणतेत, नहाण आलं नाही म्हणजे काही होतच नाही. मला खात्रीचं उत्तर पाहिजे, तेही आजच.

गोदाकाठ: नाही होत. पाळी सुरू झाल्यावरसुद्धा पहिली दोन वर्षं बीज तयार होत नाही, असं आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं होतं. निश्चिंत राहा.

सिस्टर_लातूर: गोदाकाठ, निश्चिंत राहा हे कृपा करून कुणाला सांगू नका. ताई, उत्तर हो असं आहे. क्वचित होतं, पण होतं. मुलीचं वय किती? आणि हे का विचारताय?

माय_परभणी: पाळी लांबली असेल तर तीळ-गूळ द्या, पपई द्या. माझ्या नणंदेच्या पोरीला पंधरा दिवसांत आली.

बालाघाटची_लेक: अहो, पाळी आणायची नाही मला! प्रश्न नीट वाचा ना. सिस्टर, वय चौदा पूर्ण. माझी भाची. पाळी आधी आलेलीच नाही तर दिवस राहतीलच कसे, असं वहिनी विचारते. तिला काय सांगू?

सिस्टर_लातूर: वहिनींना असं सांगा. बीज आधी सुटतं आणि पाळी त्यानंतर साधारण 14 दिवसांनी येते. आपल्याला रक्त दिसतं, बीज सुटलेलं दिसत नाही, म्हणून पाळी हीच सुरुवात वाटते. एखाद्या मुलीचं पहिलंच बीज पहिल्या पाळीच्या आधी सुटतं. त्या वेळी गर्भ राहिला तर पाळी येतच नाही, आणि घरचे 'अजून नहाण आलं नाही' म्हणत बसतात. पाळी चुकली हे कळायला आधी पाळी यावी लागते ना. म्हणून अशा मुलींचं फार उशिरा कळतं.

गोदाकाठ: मग डॉक्टर खोटं बोलले का?

सिस्टर_लातूर: खोटं नाही, अर्धं. सुरुवातीच्या बऱ्याच पाळ्या बीज न सुटताच येतात. अस्तर वाढतं आणि गळून जातं, एवढंच. म्हणून त्या 21 दिवसांनी येतात, कधी 45 दिवसांनी. पण ते 'बऱ्याच' मुलींचं झालं. कुठल्या मुलीचं बीज कोणत्या महिन्यात सुटेल हे बाहेरून कुणाला ओळखता येत नाही.

रानवारा: माझ्या मुलीला दहाव्या वर्षीच आली, आता दोन-दोन महिने येत नाही. हे चालेल का?

सिस्टर_लातूर: पहिल्या वर्षात दोन महिन्यांची ओढ चालते. तीन महिने उलटले, किंवा सात दिवसांहून जास्त अंगावरून जायला लागलं, तर दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. पण तुमच्यासाठी वेगळा धागा काढा. इथे ताईंचं ऐकू द्या.

कोयत्याची_पोर: ताई, एक विचारू? लग्न ठरवलंय का तिचं?

बालाघाटची_लेक: व्हय. दसरा झाला की ऊसतोडीची टोळी निघते. मुकादमाची उचल घेतलीय. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतेत, म्हणून लगीन उरकायचंय. मी अडवलं तर भाऊ म्हणतो, 'अजून लहानच हाय ती, कारखान्यावरून येईस्तोवर काही होत नाही.' त्याच्याजवळ हे एकच उत्तर हाय. काल ती माझ्याकडं आली, दप्तर पाठीवरच होतं. आत्या, शाळेत नाव राहील का, एवढंच इचारलं.

कोयत्याची_पोर: माझ्या मोठ्या बहिणीच्या वेळी घरात हेच बोलणं झालं होतं. ताई, ग्रामसेवक हाच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. 1098 रात्रीसुद्धा लागतो आणि नाव गुप्त ठेवतेत.

गोदाकाठ: घरातलं भांडण सरकारी दारात नेऊन पोरीची बदनामी होईल. आधी भावकीत बसवा.

कोयत्याची_पोर: भावकीनंच तर तारीख काढली असेल.

सिस्टर_लातूर: भावाला त्याच्याच बोलण्यात पकडा. लहान हाय म्हणतो ना? मग चौदाव्या वर्षी कमरेचं हाडही पुरतं वाढलेलं नसतं. बाळंतपण अडतं, रक्त कमी पडतं, आणि फडापासून दवाखाना लांब. आणखी एक. पोटात दर महिन्याला दुखतं का तिच्या, पाळी न येता?

बालाघाटची_लेक: माहीत नाही. का?

सिस्टर_लातूर: काही मुलींचं रक्त वाट बंद असल्यामुळे आतच साठतं. लहान ऑपरेशननं मोकळं होतं. दुखत नसेल तर पंधरा वर्षं पूर्ण होईस्तोवर वाट बघता येते. छाती भरायला लागून तीन वर्षं झाली असतील तर मात्र आधीच दाखवा.

बालाघाटची_लेक: उद्या विचारते तिला. भावाला बीज-पाळीचं सांगितलं, तर तो म्हणाला हे दवाखानेवाल्यांचं. वहिनी मात्र गप झाली. मी 1098 ला फोन करणार हाय, पण गावात अंगणवाडीताईला आधी सांगू का नको? ती भावाच्या सासरकडची हाय.