काड्या-गठ्ठे वापरूनही पाठ वर्तनवादीच कसा? (चर्चा)

अबोली:
डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरवासितेत तिसरीला हातच्याच्या वजाबाकीचा पाठ घेतला. काड्या, गठ्ठे सगळं नेलं होतं. बरोबर उत्तराला टाळ्या आणि वहीवर स्टार. निरीक्षण वहीत शेरा आला, "पाठ वर्तनवादी झाला, ज्ञानरचनावादी घ्या." साहित्य वापरूनही असं का? वर्तनवाद म्हणजे सराव आणि शाबासकीनं बरोबर प्रतिसाद पक्का करणं, ज्ञानरचनावाद म्हणजे मुलानं स्वतः अर्थ लावत ज्ञान रचणं, एवढा परीक्षेत लिहिण्यापुरता फरक पाठ आहे, पण वर्गात तो ओळखता येत नाही. कोणी रोजची उदाहरणं देऊन सांगेल का?

माळरान:
अबोलीताई, नुसत्या काड्यांवरून काही ठरत नाही. काड्या कोणाच्या हातात होत्या आणि मूल चुकलं तेव्हा तुम्ही पुढे काय केलंत, त्यावरून ठरतं.

तिसरीत हमखास दिसणारी चूक घ्या: ५२ − २७ = ३५. मुलानं एककात ७ मधून २ वजा केले, दशकात ५ मधून २.

वर्तनवादी शिक्षक म्हणेल, प्रतिसाद चुकला. मग तो गणिताचे छोटे टप्पे पाडेल. आधी फक्त 'हातचा लागतो की नाही' एवढंच विचारेल, मग दशक कमी करून लिहायला लावेल, मग वजाबाकी. प्रत्येक टप्प्यावर बरोबर की चूक ते लगेच सांगेल, बरोबर आलं की शाबासकी देईल आणि हात बसेपर्यंत सराव घेईल. यात गैर काही नाही, ही पद्धत विचारपूर्वक घडवलेली आहे.

रचनावादी शिक्षक मात्र आधी विचारेल, "हे कसं केलंस, मला सांग." मूल सांगतं, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घेतले." म्हणजे ते अंदाजानं लिहीत नाही, एक नियम लावतंय. तो नियम बहुतेक वेळा आपणच दिलेला असतो. पहिली-दुसरीत आपण सांगतो, "नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं." मुलानं तो संख्येऐवजी एकेका अंकाला लावला. खात्री करायची तर आणखी दोन गणितं द्या, ६३ − २८ आणि ४० − १६. ४५ आणि ३६ अशी उत्तरं आली तर नियम पक्का बसलाय.

आता तुमच्या टाळ्यांकडे या. समजा पाठावर दहा गणितं होती आणि त्यातली सहा बिनहातच्याची. ५७ − २३ ला या मुलाचंही उत्तर ३४ येतं, म्हणजे बरोबर. सहा वेळा टाळ्या मिळाल्या. त्या कशाला मिळाल्या? त्याच्या चुकीच्या नियमाला. शेरा लिहिणाऱ्यांना हेच म्हणायचं असेल असं नाही, पण मला तुमच्या पाठात पाहण्यासारखं हेच वाटतं.

जुनाफळा:
मी निवृत्त शिक्षक. ही रचनावादाची चर्चा २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून ऐकतो आहे. नंतर साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या रचनावादी शाळा पाहून आलेल्यांनी गावोगाव फरश्या रंगवल्या. उद्देश चांगला होता, हे मान्य. पण ५२ − २७ करताना १२ − ७ लागतंच ना? ते पाच मुलाच्या जिभेवर नसेल तर ते बोटं मोजत बसतं, आणि मोजता मोजता हातचा विसरतं. आमच्या वेळी पाढे सकाळी घोकून घ्यायचे आणि चुकला की छडी, तेच तुमचं ऋण प्रबलन. मुलं शिकलीच की.

शिक्षणशास्त्र:
गुरुजी, १२ − ७ तोंडपाठ हवं, यावर मी पूर्ण तुमच्या बाजूची. मात्र छडी म्हणजे ऋण प्रबलन नव्हे. माझ्या बी.एड.च्या वर्गातही दरवर्षी निम्मी उत्तरपत्रिका इथेच चुकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रबलन धन असो वा ऋण, त्यानं वर्तन वाढतं. ऋण प्रबलनात नकोशी गोष्ट दूर होते आणि त्यामुळे वर्तन वाढतं. "पहिली पाच गणितं बरोबर आली तर उरलेली पाच माफ" हे ऋण प्रबलन. छडी ही शिक्षा, तिचा हेतू वर्तन कमी करणं हा. वर्तनवादाचा मोठा मानसशास्त्रज्ञ स्किनर स्वतः शिक्षेच्या विरोधात होता. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं तर शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदीच आहे.

ऋण प्रबलन वर्गात नकळत कसं घडतं ते पाहा. एका मुलीला फळ्यावर बोलावलं. ती खडू धरून गप्प उभी. वर्ग थांबलाय, म्हणून बाई म्हणतात, "बरं, बस खाली." तिची सुटका झाली. पुढच्या वेळी ती आणखी लवकर गप्प होईल. बाईंनी तिला गप्प राहायला शिकवलं, आणि बाईंना ते कळलंही नाही. हे ओळखायला वर्तनवादाचीच नजर लागते, म्हणून त्याला 'जुना' म्हणून बाजूला टाकू नका.

स्किनरनं १९५३ मध्ये आपल्या मुलीचा चौथीचा गणिताचा तास पाहिला होता. त्याला खटकलं ते असं, की मुलं गणितं सोडवत होती, पण बरोबर की चूक हे त्यांना लगेच कळत नव्हतं आणि सगळ्यांना एकाच चालीनं चालावं लागत होतं. त्यातूनच प्रत्येक उत्तराला लगेच बरोबर-चूक दाखवणारं त्याचं अध्यापन यंत्र पुढे आलं. आपल्या वर्गात वह्या गोळा होतात आणि दोन दिवसांनी लाल शेऱ्यांसह परत येतात. त्याची तक्रार आपल्यालाही लागू आहे.

प्राजक्ता:
मी शिक्षिका नाही, पालक आहे, तरी विचारते. माझ्या मुलीच्या शाळेत वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाला एक स्टार मिळतो. आधी ती रात्री हट्टानं वाचायची. आता पातळ पुस्तकं शोधते आणि "याला स्टार आहे का?" विचारते. मग वर्तनवाद वाईटच झाला ना?

माळरान:
ताई, मूळ प्रश्न जरा वेगळा आहे, पण तुमचं निरीक्षण नेमकं आहे. यावर १९७३ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, "चित्र काढलं की बक्षीस मिळेल." काहींना न सांगता बक्षीस दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळेत पाहिलं, तर बक्षीस कबूल केलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांना देत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नव्हती. यावरून एवढंच म्हणता येतं, की जे मूल आवडीनं करतंय त्याला आधीपासून भाव ठरवू नये. ज्याला पुस्तक हातातच धरवत नाही, त्याच्यासाठी सुरुवातीला स्टार उपयोगी पडूही शकतो.

शिक्षणशास्त्र:
अबोली, टाळ्या चुकीच्या नियमाला मिळाल्या, या माळरान यांच्या मुद्द्याचा जुना पुरावा आहे. १९७३ मध्येच अमेरिकेत अर्लवांगर नावाच्या संशोधकानं बेनी या बारा वर्षांच्या मुलाच्या मुलाखती छापल्या. बेनीच्या शाळेत टप्प्याटप्प्यानं, आपापल्या गतीनं, चाचण्या देत पुढे जायचा कार्यक्रम होता, अस्सल वर्तनवादी. त्यात बेनीची प्रगती चांगली मानली जात होती. पण अपूर्णांकाचा दशांश करताना तो अंश आणि छेद मिळवायचा आणि मध्ये टिंब द्यायचा. ५/१० चे १.५. ४/११ चेही १.५, आणि ११/४ चेही १.५! चाचणीत उत्तर उत्तरसूचीशी जुळेना, तर त्यानं काय निष्कर्ष काढला? एकाच उत्तराची अनेक रूपं असतात आणि उत्तरसूचीला त्यातलं एकच हवं असतं. हे कोणाला कळलं नाही, कारण "कसं केलंस?" हे विचारायची सोयच त्या कार्यक्रमात नव्हती.

अबोली:
सगळ्यांचे आभार. पण तास ३५ मिनिटांचा आणि मुलं चाळीसच्या वर. प्रत्येकाला "कसं केलंस" विचारत कधी बसू? आणि काड्या मुलांच्या हातात दिल्या की चूक आपोआप जाते का?

माळरान:
आपोआप जात नाही. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

जोड्या करा. प्रत्येक जोडीला पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या. म्हणा, "२७ काड्या शेजारच्या जोडीला द्या." दोन गठ्ठे लगेच जातात. सातासाठी हात अडतो, कारण सुट्या दोनच. इथं तुम्ही तोंड उघडू नका. कोणीतरी रबर काढून गठ्ठा सोडतंच. आता सुट्या बारा, सात दिल्या, पाच राहिल्या. गठ्ठे दोन. २५ उरले.

मग त्याच मुलाला वहीत ५२ − २७ करायला सांगा. पुष्कळ मुलं पुन्हा ३५ लिहितात! विचारलं तर म्हणतात, "काड्यांचं उत्तर २५, वहीतलं ३५." त्यांना यात काही खटकत नाही. काड्या हा एक खेळ आणि वही हा दुसरा. म्हणून एक काडी हलली की एक खूण वहीत, असं सोबतच व्हायला हवं. रबर सोडलं त्याच क्षणी ५ खोडून ४ लिहायचे, २ च्या जागी १२. सात दिल्यावर खाली ५. सगळं संपवून मग लिहायला लावलं तर जोड बसत नाही.

चाळीस जणांना विचारायचं नाही. पाठाच्या आधी तीनच गणितांची चिठ्ठी द्या, तिन्ही हातच्याची, आणि उत्तरांवरून गट पाडा. नियमवाले एकीकडे, मोजणीत चुकणारे दुसरीकडे. ४० − १६ ला ३६ आणि २५ ही दोन्ही उत्तरं चूकच, पण २५ लिहिणाऱ्याला हातचा समजलाय. त्याला १० − ६ पक्कं नाही, एवढंच. त्याला गुरुजींचा सराव द्या, काड्या नकोत.

जुनाफळा:
म्हणजे सराव लागतोच. फक्त मी म्हणतो, आधी रीत पक्की करा, अर्थ मागाहून येतो. मूल रीत करता करता समजत जातं. पंधरा मिनिटं रबर सोडण्यात घालवली तर गणितं किती होणार?

शिक्षणशास्त्र:
या क्रमावर अभ्यासकांचंही एकमत नाही, गुरुजी. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी लिहिलं, की नवशिक्याला फार कमी मार्गदर्शन देऊन शोधायला सोडलं तर त्याच्या स्मृतीवर ताण येतो, आधी सोडवून दाखवलेली उदाहरणं द्यावीत. त्यावर उलट बाजूचं उत्तर असं, की मार्गदर्शन काढून घ्या असं रचनावाद म्हणतच नाही. रचनावादी ज्याचा आधार घेतात त्या मानसशास्त्रज्ञ वायगोत्स्कीचा भर तर मदतीवरच होता, फक्त मूल आता एकटं करू शकतं त्याच्या किंचित पुढची मदत. माझा कल अर्थ आधी याकडे आहे, पण पाढ्यांच्या बाबतीत मी तसं म्हणणार नाही.

जुनाफळा:
मग ३०२ − १४७ करून दाखवा काड्यांनी. मधे दशकच नाही. तिथं रीतच कामी येते.

माळरान:
शंभराचा मोठा गठ्ठा बांधून तेही घेतलंय. काही मुलांनी शंभराचा गठ्ठा सोडून दहा छोटे गठ्ठे काढले, त्यातला एक सोडला, आणि १५५ वर आली. काहींनी शतकातून थेट एककाला उसना घेतला आणि दशकात शून्यातून चार जात नाहीत म्हणून चारच लिहिले, उत्तर १४५. रीत पाठ असलेल्या मुलांतही हेच १४५ दिसतं, गुरुजी. अबोलीताई, तुमच्या चिठ्ठीत हे चौथं गणित म्हणून टाका आणि कोणाकोणाचं १४५ येतं ते इथं कळवा.

अबोली:
सोमवारी पाठ आहे. टाकते.