घोषणेत किंमत आणि मर्यादा

"नवे उत्पादन ग्राहकांसमोर मांडताना किंमत आधी सांगावी की वैशिष्ट्ये?"

रास्पबेरी पाय 5 या छोट्या संगणक-बोर्डाची घोषणा 28 सप्टेंबर 2023 रोजी झाली, तेव्हा 4 जीबी मेमरीसाठी 60 आणि 8 जीबीसाठी 80 डॉलर हे आकडे सुरुवातीलाच दिले होते. वैशिष्ट्यांपैकी आधीच्या पाय 4 च्या दुपटीहून अधिक वेग आणि पॉवर बटण ग्राहकांना सहज उमगणारी होती. मागणी अधिकृत विक्रेत्यांकडे आगाऊ नोंदवायची होती आणि बोर्ड ऑक्टोबरअखेर मिळणार होते. मला अधिक मोलाची वाटते ती मर्यादा: जुना 3 अँपिअरचा अडॅप्टर जोडल्यास बोर्ड चालतो, परंतु यूएसबी उपकरणांना एकूण 600 मिलिअँपिअरच मिळतात, त्यामुळे यूएसबीला अधिक वीज मिळू देणाऱ्या 5 अँपिअरच्या अडॅप्टरची किंमतही घोषणेतच असावी.