मदत हवी आहे: स्क्रेपर सहकाऱ्याच्या हवाली करतोय, पत्र वाचून सांगा

कांदाबटाटा: माझा स्क्रेपर रोज रात्री एका साइटवरून कांद्याचे बाजारभाव उचलतो. पुढच्या महिन्यापासून तो एक सहकारी सांभाळणार आहे. पायथन तिला येतं, ही साइट नवीन आहे. पत्रातला मुख्य भाग:

«सगळ्यात नाजूक ओळ ही:

```python
dar = int(tr.select("td")[6].text)
```

तक्त्यात बाजार समिती, जात, परिमाण, आवक, किमान, कमाल आणि शेवटी सर्वसाधारण दर असतो. उद्या त्यांनी सुरुवातीला तारखेचा रकाना घातला तर [6] वर कमाल दर येईल. आकडा खराच दिसेल आणि एररही येणार नाही. म्हणून आधी th चं शीर्षक वाच, ते जुळलं नाही तर काम तिथेच थांबव.

आलेलं पान जसंच्या तसं साठवून मगच त्यातले आकडे काढ. पार्सर बिघडला तरी जुन्या पानांवर तो पुन्हा चालवता येतो.

दोन विनंत्यांमधले पाच सेकंद कमी करू नकोस.»

अडलंय ते इथे: सुट्टीच्या दिवशी शून्य ओळी येतात, साइट बदलली तरी शून्यच. दोन्ही वेळा स्टेटस 200. फरक कसा ओळखायचा?

टिंबटिंब: खरी भानगड देवनागरी अंकांची असणार. int() ला ते कळत नाहीत.

जुनाखोंड: कळतात की! int("१६५०") नीट 1650 देतं. अडतं ते "१,६५०" मधल्या स्वल्पविरामाशी. आणि ती ओळ try-except मध्ये pass करून सोडली असेल तर फक्त महागडे भाव गायब होतील, हे पत्रात घालाच.

शून्याचं म्हणाल तर साइट मागच्या तारखा दाखवते का? दाखवत असेल तर एक जुना दिवस ठरवा, ज्याच्या ओळी तुमच्याकडे आधीच आहेत. रोज आधी तो मागवा. तो बरोबर आला आणि आजचा रिकामा असेल, तर बहुतेक बाजार बंद. तोही रिकामा असेल तर साइट बदलली.

शेतकरीपुत्र: मला कापसाचे भाव हवेत, स्क्रिप्ट देता का?

कांदाबटाटा: @शेतकरीपुत्र, वेगळा धागा काढा ना. @जुनाखोंड, मागच्या तारखा दिसतात, हे जमेल. पण समितीने आकडे उशिरा चढवले तर?

जुनाखोंड: मग ही युक्ती फसेल, तो दिवस सुट्टीचा वाटेल. सकाळी कालचा दिवस पुन्हा मागवा. सर्व्हर यूटीसीवर असेल तर तेही लिहा: क्रॉनमधले २० म्हणजे आपले पहाटेचे दीड, "आज" तोवर बदललेला असतो.

टिंबटिंब: आणि दोन दिवसांनी चढवले तर?

कांदाबटाटा: आठवडाभर मागे जावं का? पाच सेकंदांच्या हिशेबाने ते बरंच लांबेल. कोणी केलंय का असं?