गल्ला रोज जुळतो, तरीही खातेवही दुसऱ्याने का लिहावी?

तापीकाठ (चोपडा)
आमच्या सीएंनी यंदा लिहून दिले आहे की जो रोकड घेतो त्याने खातेवही लिहू नये. माझ्या कृषी केंद्रात मी, दिवाणजी आणि एक पोरगा, एवढीच माणसे. दिवाणजी 22 वर्षांपासून आहेत आणि रोज रात्री गल्ला व रोजमेळ पैशापैशाने जुळतो. मग दुसरा पगार कशासाठी द्यायचा? हे नियम मोठ्या कंपन्यांचे आहेत, ते आमच्यावर लादू नयेत.

रोजकीर्द (भुसावळ)
आपली पोस्ट वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. अशाच एका कृषी केंद्राचे हिशेब मी तपासले आहेत आणि तिथलाही गल्ला रोज जुळत होता. लेखनिकाने एका शेतकऱ्याचे 18,000 रुपये 12 नोव्हेंबरला घेतले, पावती दिली, पण रोजमेळात नोंदच केली नाही. जे लिहिलेच नाही ते गल्ल्यातही नव्हते, त्यामुळे त्या रात्री मेळ बरोबर बसला. 20 नोव्हेंबरला दुसऱ्या शेतकऱ्याने 25,000 भरले, तेव्हा त्यातले 18,000 पहिल्याच्या खात्यात जमा दाखवले आणि 7,000 दुसऱ्याच्या. 2 डिसेंबरला तिसऱ्याकडून 30,000 आले. त्यातून दुसऱ्याचे राहिलेले 18,000 भरून निघाले आणि तिसऱ्याच्या नावावर 12,000 पडले. म्हणजे खड्डा तेवढाच राहिला, फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत गेला.

कापूस विकला जात असतो तोवर वसुली रोज येते आणि हे चक्र सहज फिरते. उन्हाळ्यात वसुली आटली की पुढचे पैसे नसतात, म्हणून त्या लेखनिकाने एप्रिल-मेमध्ये 'दरातील सूट' आणि 'माल परत' अशा नोंदी टाकून बाक्या मिटवायला सुरुवात केली. तरीही एका खात्याचे राहून गेले. मृगाच्या तोंडावर तो शेतकरी कपाशीचे बियाणे घ्यायला आला, तेव्हा मालकांनी त्याला 18,000 बाकी सांगितली आणि त्याने पिशवीतून घडी केलेली पावती काढून काउंटरवर ठेवली. मागची पावतीपुस्तके काढून बसलो तेव्हा दिसले की तो पहिला नव्हता. तीन हंगामांत खड्डा चार लाखांच्या वर गेला होता.

पावतीपुस्तक, रोजमेळ, खतावणी आणि सूट देण्याचा अधिकार हे सगळे एकाच हातात होते, म्हणून हे चालले. यांतले एखादे जरी दुसऱ्याकडे असते, तरी हे बरेच आधी उघड झाले असते. रात्री गल्ला मोजणे म्हणजे त्याच माणसाने लिहिलेला आकडा त्याच माणसाने ठेवलेल्या पैशाशी ताडून पाहणे होय.

बटणदाबू (धुळे)
वहीचा काळ गेला. टॅलीमध्ये प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्या, एडिट लॉग चालू ठेवा. नोंद कोणी कधी बदलली ते दिसते. कंपन्यांना तर 1 एप्रिल 2023 पासून असा माग ठेवणारेच सॉफ्टवेअर बंधनकारक आहे. आणि दुकानात क्यूआर लावला की रोकडच उरणार नाही, मग वाद कशाचा?

रोजकीर्द (भुसावळ)
एडिट लॉग बदललेली नोंद दाखवतो, हे खरे आहे आणि 'सूट'वाल्या नोंदी पकडायला त्याचा उपयोग झाला असता. पण 12 नोव्हेंबरला नोंद झालीच नव्हती. जे टाकलेच नाही त्याचा माग सॉफ्टवेअर ठेवू शकत नाही.

क्यूआरचे मात्र अर्धेच बरोबर आहे. दुसऱ्या शेतकऱ्याचे 25,000 थेट मालकाच्या बँक खात्यात आले, तरी खतावणीत त्यातले 18,000 पहिल्याच्या नावावर टाकता येतात, कारण बँकेचा शिल्लक आकडा चुकत नाही, नाव चुकते. म्हणून उताऱ्यातील प्रत्येक जमेसमोर पैसे पाठवणाऱ्याचे नाव पाहून खतावणीशी ताडावे लागते आणि ते काम खतावणी लिहिणाऱ्याने करून चालत नाही.

केळीबाग (रावेर)
माझा विषय वेगळा वाटेल, पण सांगतो. आमच्या गावात पिग्मीचे पैसे घेणारा एजंट कार्डावर आकडा लिहून सही करायचा आणि शाखेतला भरणाही तोच लिहून द्यायचा. कार्डावर माझे 41,000 होते आणि शाखेत 29,500 निघाले. मला कोणी भरपाई दिली नाही. आधी संस्थांना शिस्त लावा, दुकानदारांच्या मागे कशाला लागता?

रोजकीर्द (भुसावळ)
भाऊ, तुमचा विषय वेगळा नाही, तोच आहे. तुम्ही दर तीन महिन्यांनी शाखेच्या खिडकीवरून स्वतः उतारा घेतला असता, तर फरक काही शेंचा असतानाच दिसला असता. मात्र तो उतारा ठेवीदाराच्या हाती एजंटामार्फत न जाता थेट पोहोचवणे हे संस्थेचे काम होते, आणि ती चूक तुमची नाही.

पाचोऱ्याचा दिवाणजी
मी 31 वर्षे याच कामात आहे आणि हा धागा वाचून मन विटले. एकाने खाल्ले म्हणून आम्ही सगळे चोर? ज्यांनी मालकाची मुले शाळेत सोडली, मालक दवाखान्यात असताना दुकान सांभाळले, त्यांच्या पावत्या आता तपासायच्या? स्वतः कधी हंगामात गल्ल्यावर बसलात का?

रोजकीर्द (भुसावळ)
आण्णा, मी आपल्याला चोर म्हटलेले नाही आणि तसे वाटले असेल तर मला वाईट वाटते. एकच विचारतो: इतक्या वर्षांत गल्ल्यात कधी तूट आली का, आणि आली तेव्हा कोणाकडे बोट दाखवले गेले?

पाचोऱ्याचा दिवाणजी
आली होती. 6,000 कमी भरले. मालकांनी काही म्हटले नाही, पण दोन महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. पुढे कळले की त्यांच्याच पुतण्याने न सांगता उचलले होते. तेव्हा किल्ली एकट्या माझ्याकडे असती, तर मी मरेपर्यंत संशयात राहिलो असतो. म्हणून एवढे मान्य करतो की मोजताना दुसरा माणूस हवा. पण रजेचे जे खूळ काही ऑडिटर काढतात, ते मी मानणार नाही.

रोजकीर्द (भुसावळ)
ते खूळ नाही. संवेदनशील कामावरील बँक कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस, आधी न कळवता सक्तीची रजा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने 2021 च्या परिपत्रकात सांगितले होते. मी सांगितलेले चक्र फिरवणाऱ्याला रोज हजर राहावेच लागते. दुसरा माणूस दहा दिवस बसला, की ज्या शेतकऱ्याने पैसे भरले त्याच्याच नावावर ते पडतात आणि आधीचा खड्डा उघडा पडतो. त्या लेखनिकाने तीन वर्षांत आखाजीलाही सुट्टी घेतली नव्हती आणि मालक त्याला निष्ठा समजत होते.

पाचोऱ्याचा दिवाणजी
मीही घेत नाही सुट्टी. म्हणजे मीही तसाच का?

तापीकाठ (चोपडा)
दोघांनीही थांबावे. प्रश्न माझ्या दुकानाचा होता. दुसरा पगार न देता काय करता येईल ते सांगा.

रोजकीर्द (भुसावळ)
रोकड आपण स्वतः घ्या आणि पावतीही आपणच फाडा; दिवाणजींनी पावतीच्या स्थळप्रतीवरून रोजमेळ आणि खतावणी लिहावी, पैशाला हात लावू नये. आपण बाहेर असाल त्या दिवशी पोरग्याने पैसे मोजून घ्यावेत. आठवड्यातून एकदा स्थळप्रतीवरील क्रमांक, तारीख, नाव आणि रक्कम खतावणीशी ताडा. एका पावतीच्या खतावणीत दोन नोंदी झाल्या असतील, किंवा जमेची तारीख पावतीनंतर आठवडाभराने असेल, तर तिथेच थांबा. सूट आणि माल परत आपल्या सहीशिवाय नको. दिवाळीनंतर आणि मृगाआधी प्रत्येक शेतकऱ्याला त्याची बाकी आपल्याच फोनवरून कळवा. दोघे मिळून करू लागले तर यातून पकडले जाणार नाही, हेही सांगून ठेवतो.

तापीकाठ (चोपडा)
पावती मी फाडेन आणि सूटही माझ्या सहीने होईल, हे पटले. आज दिवाणजींना न विचारता नोव्हेंबरचे पावतीपुस्तक काढले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवले नाही. तीस पावत्या ताडल्या, सगळ्या जुळल्या. मात्र हंगामात दहा दिवस रजा मी देऊ शकत नाही; उन्हाळ्यात देईन.

रोजकीर्द (भुसावळ)
उन्हाळ्यात वसुली नसते, तेव्हा रजेतून फारसे काही दिसणार नाही. निदान डिसेंबरमध्ये चार दिवस तरी द्या.