घरमालकांकडे पॅन आणि भाडेपावत्या मागितल्यात? अनुभव सांगा

धागाकर्ता: पुण्यात महिना १४,००० भाडं देतो. म्हणजे वर्षाला १,६८,०००. लाखाच्या वर गेलं की ऑफिसला घरमालकांचा पॅन लागतो. काकांना फोनवर विचारलं तर "बघू" म्हणाले. मग पत्र दिलं:

"ति. काका, सा. न. ऑफिसात घरभाडे भत्त्याची सूट मागण्यासाठी एप्रिल ते मार्चच्या भाड्याच्या पावत्या आणि तुमचा पॅन क्रमांक हवा आहे. भाडे दरमहा तुमच्या खात्यात जमा केले आहे, त्याचा तपशील सोबत जोडला आहे. पावत्या मी लिहून आणतो, आपण फक्त सही करावी. पॅन ऑफिसच्या १२बीबी फॉर्मशिवाय कुठेही देणार नाही."

काकांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?" तुमचं काय झालं?

पगारविभागातली: बेसिक महिना ४०,००० धरलं तर भाड्यातून त्याचे १० टक्के, म्हणजे वर्षाला ४८,००० वजा. १,२०,००० उरले. भत्ता त्याहून जास्त मिळत असेल तर सूट एवढीच. वीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह २४,९६० वाचतात. मात्र जुनी करप्रणाली घेतली असेल तरच! नवीनमध्ये ही सूट नाही, तेव्हा काकांना उगाच त्रास नको.

सांगलीकर: लाखाच्या आत भाडं असेल तर पावत्याही लागत नाहीत ना?

पगारविभागातली: पॅन लागत नाही. पावत्यांना मुभा महिना ३,००० भत्त्यापर्यंतच.

दोन फ्लॅटवाली: मी घरमालकीण आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर "पॅन पाठवा" आलं की धस्स होतं. पत्र असेल तर देते. भाडं मी रिटर्नमध्ये दाखवतेच. त्यातून ३० टक्के सरसकट वजा होतात, पालिकेचा घरपट्टीकर भरला असेल तर तोही. घाबरणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

नवाभाडेकरू: माझं डिपॉझिट अडकलंय, त्यालाही पॅन लागेल का?

धागाकर्ता: नाही हो, तो वेगळाच वांधा. नवा धागा काढा.

नाशिकची: आमच्या आजींकडे पॅन कार्डच नव्हतं. त्यांच्याकडून तसं लिहून घेतलं, नाव-पत्ता आणि सहीसकट. ऑफिसने स्वीकारलं. भाडं रोख द्यायचो, म्हणून पावतीवर एक रुपयाचं तिकीट. आजी ते जिभेला लावून चिकटवायच्या आणि वर सही करायच्या.

चिडलेला: आमचे मालक स्पष्ट म्हणाले, "पॅन हवा तर भाडं दोन हजारांनी वाढव." कार्ड आहे, देत नाहीत. ऑफिसने सूट नाकारली, टीडीएस कापला.

पगारविभागातली: स्वतःच्या रिटर्नमध्ये मागता येते. बँकेचा तपशील आणि करारनामा जपून ठेवा, विचारणा झाली तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

चिडलेला: विचारणा मला आणि मजा मालकाला. या वर्षी मागू की घर बदलू, ठरत नाहीये.