हातउसने पैसे पुन्हा मागितले, तर जवळच्या मित्राला 'नाही' कसं म्हणायचं?

सुदामानगरवाला, इंदूर: बावीस वर्षांची मैत्री आहे. त्याने दुकानासाठी माझ्याकडून आधी १५,००० नेले, दिवाळीत आणखी १०,०००. परत आले ८,०००. आता ४०,००० हवेत म्हणतो, रविवारी घरी येणार आहे. मला द्यायचे नाहीत, पण दर रविवारची आमची पोहे-जिलेबी तुटायला नको. नाही कसं म्हणू?

राजवाड्याचा मुलगा: देऊन टाका. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी माझा मित्र रात्री अकराला ३०,००० घेऊन आला, कशाला म्हणून विचारलंही नाही. बावीस वर्षांत माणूस ओळखता येत नसेल, तर मैत्री कशाची?

रामबागेतली काकू: पतसंस्थेत मी चोवीस वर्षं कर्जवसुली बघितली. बाळा, तुझ्या मित्राने केलं ते आजारपणात, एकदाच. इथे तिसरी वेळ आहे, रक्कम वाढत चालली आहे आणि १७,००० अजून बाकी आहेत. सुदामानगरवाले, मला एवढंच सांगा: नवे पैसे मागताना त्याने त्या १७,००० चा विषय स्वतःहून काढला का? जो काढतो, तो अडचणीत असला तरी हिशोब धरून असतो. जो त्याबद्दल गप्प बसतो, त्याच्या मनात ते फिटलेले असतात.

नाही म्हणायचं ते रविवारपर्यंत लांबवू नका. तुमच्या घरच्यांसमोर, चहा हातात असताना नकार मिळाला, तर तो अपमान विसरणार नाही. आधीच फोन करा. 'या महिन्यात जरा ओढाताण आहे' म्हणालात, तर तो पुढच्या महिन्यात येईल. 'बायको नको म्हणते' म्हणालात, तर तो तुमच्या घरात पुन्हा मोकळेपणाने बसणार नाही. सरळ म्हणा, "४०,००० मी देणार नाही. आजच सांगतो, म्हणजे तुला दुसरीकडे बघायला वेळ मिळेल. रविवारी नेहमीसारखा ये." मग गप्प राहा. त्या शांततेत माणूस घाबरतो आणि 'बरं, दहा तरी देतो' म्हणून बसतो. जुन्या १७,००० ची गोष्ट त्याच फोनवर काढू नका, नाहीतर नकार सूड वाटेल. पंधरा दिवसांनी महिना हजाराचा हप्ता सुचवा.

लोकमान्यनगर ४: यापेक्षा सोपं म्हणजे बँकेतून कर्ज काढायला सांगा आणि जामीन राहा. हप्त्यांची शिस्त लागेल, तुमच्या खिशातून काही जाणार नाही.

रामबागेतली काकू: शिस्तीचं खरं आहे. खिशाचं नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. करारात वेगळं लिहिलं नसेल, तर बँकेला आधी कर्जदाराच्या मागे लागावंच लागतं असं नाही. आमच्याकडे एक गृहस्थ जेवणाचा डबा हातात घेऊन आले होते. पगार जमा झाला आणि मित्राच्या हप्त्यापोटी वळता झाला, हे त्यांना पासबुक भरल्यावर कळलं. काउंटरवर डबा ठेवून ते कितीतरी वेळ ती एकच ओळ वाचत राहिले. त्या दोघांचं बोलणं पुढे बंदच झालं. हातउसने दिले तर निदान आकडा आपल्या हातात असतो.

दोन मुलांची आई: माझ्या नणंदेने भिशीचे पैसे उचलले आणि हप्ते थांबवले. कोर्टात गेलं तर मिळतील का?

रामबागेतली काकू: ताई, भिशीचं वेगळं, त्यात बाकीचे सभासदही येतात, वकिलाला विचारा. साध्या उसनवारीला दाव्याची मुदत सहसा ३ वर्षांची असते, त्या आत लेखी कबुली मिळाली तर ती नव्याने मोजली जाते. पण इथला प्रश्न वसुलीचा नाही.

तुकोगंज: काकू, कारण द्यायचंच नाही हे मला पटत नाही. बावीस वर्षांच्या मित्राला नुसतं 'देणार नाही' म्हणजे तोंडावर दार लावणं. मी माझ्या मित्राला खरं सांगितलं: "मागचे आले नाहीत, तेव्हापासून तुझा फोन आला की मला धास्ती वाटते." तो आधी चिडला, नंतर रडला. आज आम्ही बोलतो.

रामबागेतली काकू: तुम्ही सांगितलंत ते कारण खरं होतं, तुमच्या हातात पैसे आले की सुटणारं नव्हतं. तसं चालेल. सगळ्यांना तसं बोलता येतं असं मात्र मी पाहिलेलं नाही.

राजवाड्याचा मुलगा: दुकान खरंच बुडत असेल तर? तेव्हा हे सगळं बरोबर ठरेल?

सुदामानगरवाला: शनिवारी फोन केला. काकूंचं वाक्य म्हटलं, वर तुकोगंज यांचंही थोडं आलं. तो म्हणाला, "ठीक आहे," आणि फोन ठेवला. रविवारी साडेआठला पोहे-जिलेबीसाठी छप्पन दुकानला एकटाच उभा होतो, तो आला नाही. दुपारी मेसेज आला: 'पुढच्या रविवारी.' १७,००० चा विषय त्याने काढला नव्हता, मीही अजून काढलेला नाही.